लिनन आणि कॉटन कापायच्या आधी: कापड किती आटणार ते कसं मोजायचं आणि कसं धुवायचं

शिवणक्लासच्या बाई असोत नाहीतर गल्लीतला टेलर, नवीन माणसाला सगळे एकच सांगतात, कापड आधी पाण्यातून काढून आणा. पण पाण्यातून काढणं म्हणजे नक्की काय करायचं हे फारसं कोणी सांगत नाही, मग बहुतेक लोक रात्री कापड बादलीत बुडवतात, सकाळी पिळून दोरीवर टाकतात आणि संध्याकाळी कात्री लावतात. रुबियाच्या ब्लाऊजपीसला हे चालून जातं, तुकडा छोटा असतो आणि गिरणीतून बऱ्यापैकी प्रोसेस होऊन आलेला असतो. लिनन, हातमागाचं कॉटन, खादी, मलमल यांना मात्र हे पुरत नाही, कारण ही कापडं एका भिजवण्यात पूर्ण आटतच नाहीत, थोडी आत्ता आटतात आणि उरलेली शिवून झाल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या धुण्यात.

म्हणून या लेखात एकच उदाहरण घेऊन जाऊ, लिननचा सरळ कुर्ता, उंची ४२ इंच, लांब बाह्या, आतून कॅम्ब्रिकचं अस्तर. पहिल्यांदा कपडा शिवणाऱ्याला यात जवळजवळ सगळ्या अडचणी भेटतात.

कापड आटतं म्हणजे होतं काय

मागावर कापड विणताना उभे धागे, म्हणजे ताणा, घट्ट ओढून धरलेले असतात, आणि आडवे धागे, म्हणजे बाणा, त्यातून खालीवर जातात. नंतर गिरणीत धुणं, रंगवणं, वाळवणं हे सगळंही कापड लांबीत ओढत ओढतच होतं. म्हणजे दुकानात ताग्यावर गुंडाळलेलं कापड हे ताणून ठेवलेलं कापड असतं आणि ते तसंच ताणलेलं राहतं कारण कोरड्या धाग्यांना सरकायला वाव नसतो, वरून खळ असेल तर ती त्यांना आणखीच धरून ठेवते.

पाणी लागलं की दोन गोष्टी होतात. एक तर खळ सुटते, धागे मोकळे होतात आणि ओढून लांब केलेली लांबी परत घेतात. दुसरं, कॉटन आणि लिननचे तंतू पाणी पिऊन जाड होतात. आता आडवा धागा जाड झाला की त्याच्या वरून-खालून जाणाऱ्या उभ्या धाग्याला जास्त वळसा घालावा लागतो, धागा तर तेवढाच आहे, मग वळसा मोठा झाला की कापड आखूड होणारच. वाळल्यावर तंतू परत बारीक होतात पण धागे जिथे सरकून बसले तिथेच राहतात. म्हणून बहुतेक वेळा कापड पन्ह्यापेक्षा लांबीत जास्त आटतं, आणि विरळ विणीचं कापड घट्ट विणीपेक्षा जास्त आटतं, कारण विरळ विणीत धाग्यांना सरकायला जागाच जास्त.

यातूनच कळतं की नुसतं बुडवून ठेवणं का पुरत नाही. धागे जागेवरून सरकायला पाणी लागतं तसंच हलवणं, घुसळणं पण लागतं. बादलीत निवांत पडलेलं कापड भिजतं पण पूर्ण सैल होत नाही, मशीनमध्ये अर्धा तास आपटलं की होतं.

आकडे विचाराल तर साधारण अंदाज असा की गिरणीचं घट्ट विणीचं कॉटन, पॉपलिन, कॅम्ब्रिक वगैरे ३ ते ५ टक्के, मलमल आणि हातमागाचं कधी ८-१० टक्क्यांपर्यंत, लिनन ४ पासून १० पर्यंत कुठेही. हा पल्ला एवढा मोठा आहे की त्यावरून आपल्या कापडाचं काहीच सांगता येत नाही, टेस्ट करायची ती म्हणूनच.

दुकानात

दुकानदाराला विचारलं की तो म्हणतो, ताई, प्री-श्रंक आहे, काही होणार नाही. कधी खरं असतं पण. १९३० च्या सुमारास सॅनफर्ड क्लुएट नावाच्या अमेरिकन माणसाने जाड पट्ट्यावर दाबून कापड लांबीत आधीच आखूड करून ठेवायची मशीन काढली, त्यावरूनच सॅन्फोराइज्ड हा शब्द आला, आणि अशी प्रक्रिया नीट झालेलं कापड साधारण एक टक्क्याच्या आसपासच आटतं. पण ताग्यावरून कापून दिलेल्या दोन मीटरवर कुठे शिक्का नसतो, आणि प्री-श्रंक हा शब्द कोणीही कशालाही वापरतो. त्यामुळे वाद घालू नका, अर्धा मीटर घ्या आणि घरी जाऊन बघा.

हो, आधी अर्धाच मीटर. लक्ष्मी रोडवर किंवा मंगलदास मार्केटमध्ये चांगलं लिनन घेताय तर मीटरचा भाव बघता अर्ध्या मीटरची टेस्ट स्वस्तच पडते, आणि उरलेला तुकडा खिशाला, गळ्याच्या पट्टीला, पायपिंगला लागतोच. फक्त दुकानदाराला सांगून ठेवा की दोन-चार दिवसांत याच ताग्यातलं घ्यायला येते, आणि ताग्याच्या लेबलचा फोटो काढून ठेवा. तोच रंग, तेच नाव, पण दुसरा तागा असेल तर आकडा बदलू शकतो. परत जाणं जमण्यासारखं नसेल तर सरळ जास्तीचं कापड घेऊन टाका, टेस्ट तरीही करा, ती का करायची ते पुढे येतंच.

टेस्टचा तुकडा

अर्धा मीटर कापडातून ५० बाय ५० सेंटीमीटरचा चौकोन कापा, काठापासून १०-१५ सेंटीमीटर आत, कारण काठाची वीण घट्ट असते आणि ती बाकीच्या कापडासारखी आटत नाही. कापल्या कापल्या काठाला समांतर एक बाण काढून ठेवा, हा उभा धागा. हे करायचं राहून गेलं तर धुतल्यावर उभं कुठलं आडवं कुठलं कळत नाही आणि सगळी मेहनत वाया.

चारही कडांना झिगझॅग किंवा इंटरलॉक मारा. मशीन नसेल तर हाताने दाट ओवरून घ्या, लिनन फार उसवतं, नाही मारलं तर धुताना कडांच्या धाग्यांचा गुंता होतो आणि तो गुंता कापडाला ओढतो.

आता या चौकोनाच्या आत ४० सेंटीमीटरच्या खुणा करायच्या. कापड टेबलवर सपाट ठेवायचं, हाताने ओढायचं नाही, नुसतं सारखं करायचं. उभ्या दिशेने तीन ठिकाणी, डावीकडे, मधे आणि उजवीकडे, बरोबर ४० सेंटीमीटर अंतरावर दोन दोन खुणा. आडव्या दिशेने पण तसंच. तीन ठिकाणी का, तर कापड सगळीकडे एकसारखं आटत नाही, एका जागी चुकून हात ओढला गेला असेल तर बाकीच्या दोन रेघा ते दाखवून देतात. खूण टेलरच्या खडूने केली तर पहिल्याच पाण्यात जाते, पेनाची शाई पसरते. सगळ्यात बरं म्हणजे विरुद्ध रंगाचा पॉलिएस्टर दोरा सुईत घेऊन प्रत्येक खुणेवर एक छोटा टाका, मागे सैल गाठ. सुती दोरा नको, तो स्वतःच आटतो.

मोजायला सेंटीमीटरची बाजू वापरा, शिवताना आपण इंचात बोलतो ते ठीक, पण इथे मिलिमीटरचा प्रश्न असतो. ४० सेंटीमीटरला एक मिलिमीटर चुकलं तर पाव टक्का चुकतं, तेवढं चालतं. याच कारणासाठी तळहाताएवढ्या तुकड्यावर टेस्ट करू नका, तिथे एका मिलिमीटरच्या चुकीचा एक-एक टक्का होतो. आणि टेप जुना असेल तर स्टीलच्या पट्टीशी एकदा ताडून बघा, कापडी टेप वापरून वापरून लांब होतात.

धुवायचं कसं

नियम एकच, कुर्ता पुढे जसा धुतला जाणार तसाच तुकडा धुवा, थोडा जास्तच निर्दयपणे. तुम्ही म्हणाल मी तर हातानेच धुणार, थंड पाण्यात, पण घरात कपडे कायम तुम्हीच धुवाल असं काही नाही, एक दिवस कोणीतरी सगळ्या कपड्यांबरोबर मशीनमध्ये टाकणारच. म्हणून मशीन, ४० अंश पाणी, नेहमीची साबण पावडर, सोबत एक-दोन टॉवेल टाका म्हणजे तुकडा एकटाच काचेला चिकटून बसणार नाही. गरम पाण्याची सोय नसलेली टॉप लोड असेल तर गिझरचं पाणी बादलीने घाला, हात घातल्यावर गरम वाटेल पण चटका बसणार नाही इतपत.

टॉवेल जुने घ्या हं. गडद रंगाचं, इंडिगोचं, अजरख किंवा कलमकारी कापड असेल तर मशीनच्या आधी एक कोपरा ओला करून पांढऱ्या रुमालावर दाबा आणि वरून इस्त्री फिरवा. रुमाल रंगला तर कापड पहिली काही धुणी एकटंच जाईल. मिठाच्या पाण्यात भिजवायचा सल्ला सगळीकडे मिळतो, पण कापड रंगवून झाल्यावर मीठ रंग पक्का करत नाही, त्या बादलीत रंग कमी उतरल्यासारखा दिसला तरी पुढच्या साध्या पाण्यात तो उतरतोच. जास्तीचा रंग धुवून काढणं हाच उपाय.

धुवून झालं की वाळवणं. दोरीवर लटकवलं तर ओल्या कापडाचं वजन त्याला खाली ओढतं, छोट्या तुकड्याला फरक कमी पडतो पण तरी टेस्टचा तुकडा टॉवेलवर किंवा जाळीच्या स्टँडवर आडवाच वाळवा. आता हे वाचणाऱ्यांपैकी कोणी अमेरिकेत, कॅनडात असेल किंवा इथून शिवून तिकडे बहिणीला पाठवणार असेल, तर तुकडा ड्रायरमध्येच टाकायला हवा. ड्रायरमध्ये कापड वाळता वाळता गडगडत राहतं, धागे अजून सरकतात, त्यामुळे दोरीवर वाळवून ६ टक्के आटलेलं लिनन तिकडे आणखी आटू शकतं. इथे घालायला बरोबर बसणारा कुर्ता तिकडे दोन महिन्यांत बाह्या वर चढवून बसतो तो यामुळे.

वाळल्यावर लगेच मोजू नका. किंचित दमट असताना इस्त्री करा, पण इस्त्री घासत नेऊ नका, उचलून ठेवा, उचलून ठेवा, विशेषतः उरेब, म्हणजे तिरक्या दिशेने अजिबात ओढू नका नाहीतर मोजमाप इस्त्रीनेच बिघडेल. मग दोन-तीन तास टेबलवर मोकळं पडू द्या. लिनन आणि कॉटन हवेतला दमटपणा ओढतात, पावसाळ्यात तर तुकडा हाताला कोरडा लागला तरी आत ओल असते, तेव्हा रात्रभर पंख्याखाली ठेवून सकाळी मोजलेलं बरं.

आकडे

आपल्या लिननचं असं निघालं असं धरू. पहिल्या धुण्यानंतर उभ्या तीन रेघा ३८.०, ३८.२ आणि ३८.१, म्हणजे सरासरी ३८.१. आटलं किती, तर ४० वजा ३८.१ म्हणजे १.९ सेंटीमीटर. त्याला ४० ने भागा आणि १०० ने गुणा, पावणेपाच टक्के. आडव्या रेघांची सरासरी ३८.९, म्हणजे पावणेतीन टक्के.

इथे थांबायचा मोह होतो, थांबू नका. तोच तुकडा परत तसाच धुवा, वाळवा, मोजा. दुसऱ्या धुण्यानंतर उभं ३७.६ आणि आडवं ३८.५. म्हणजे उभं अजून अर्धा सेंटीमीटर गेलं! तिसऱ्यानंतर उभं ३७.६, आडवं ३८.४. आता उभं हललं नाही, आडवं एक मिलिमीटर हललं, ते मोजण्याची चूकही असू शकतं. म्हणजे हे लिनन उभं ६ टक्के, आडवं ४ टक्के आटतं, आणि ते दोन धुण्यांत जवळजवळ पूर्ण होतं.

टेस्टमधून मिळणारी खरी माहिती ही दुसरी आहे, किती धुणी लागतात. पूर्ण कापड आपण धुणारच आहोत मग टेस्ट कशाला असं वाटतं, तर एकदाच धुवून कापलं असतं तर राहिलेला सव्वा टक्का कुर्त्यातून गेला असता, ४२ इंचाला अर्धा इंच. कॉटन बहुतेक वेळा पहिल्या धुण्यातच बराचसा हिशोब संपवतं, लिनन जरा रेंगाळतं.

न धुता कापलं असतं तर काय झालं असतं ते पण बघा. ४२ इंचाची उंची ६ टक्क्यांनी कमी म्हणजे साडेएकोणचाळीस. २२ इंचाची बाही पावणेएकवीसच्या आत. छाती ३८ अधिक ४ इंच सैलपणा धरून घेर ४२ ठेवला होता, तो आडवा ४ टक्के आटला की साधारण ४०.३, म्हणजे सैलपणा सव्वादोन इंच राहिला. एवढ्या सैलपणात कुर्ता अंगात जातो, पण हात पुढे केला की पाठीत ताणतो, आणि लिननला लवचिकपणा नसतो त्यामुळे बगलेपाशी शिलाईवर ताण येऊन कापड विरायला लागतं.

किती कापड घ्यायचं

आता बेत. उंची ४२, त्यात खांद्याची माया आणि खालची दुमड मिळून ३, म्हणजे ४५ इंच. बाही २२ अधिक २, म्हणजे २४. पन्हा ५८ इंच आहे तर पुढचा आणि मागचा भाग शेजारी शेजारी बसवू आणि बाह्या खाली, म्हणजे लांबीत ४५ अधिक २४, एकूण ६९ इंच, म्हणजेच पावणेदोन मीटर.

हे धुतल्यानंतर लागणारं कापड झालं. विकत घ्यायचं किती, तर पावणेदोनला ०.९४ ने भागायचं, कारण घेतलेल्या कापडाचे १०० पैकी ९४ भाग उरणार आहेत. उत्तर १.८६ मीटर. दोन्ही टोकं सरळ करायला दहा सेंटीमीटर धरा, झाले दोन मीटर. आटण्याचे ६ टक्के नुसते वरून मिळवले तरी इथे जवळपास तेच उत्तर येतं, पण कापड जास्त आटणारं असेल आणि मीटर जास्त असतील तर मिळवण्याने थोडं कमी पडतं, म्हणून भागायचीच सवय लावा.

लांबीचा हिशोब सगळे करतात, पन्ह्याचा विसरतात. खालचा घेर प्रत्येक भागाला माया धरून २८ इंच हवाय असं समजा. दोन भाग शेजारी ठेवले की ५६, पन्हा ५८, दुकानात उभं राहून हिशोब केला तर व्यवस्थित बसतं. पण आडवं ४ टक्के आटलं की ५८ चा पन्हा ५५.७ होतो. आता ५६ बसत नाही! पाव इंचाने अडतं. मग एकतर प्रत्येक भागाचा घेर जरासा कमी करायचा, पाव इंचाने सुद्धा भागतं, नाहीतर पुढचा आणि मागचा भाग एकाखाली एक ठेवायचे आणि बाह्या त्यांच्या बाजूच्या उरलेल्या जागेत काढायच्या. तसं केलं तर लांबी दोनदा ४५ म्हणजे ९० इंच लागते, २.२९ मीटर, भागिले ०.९४ म्हणजे २.४३, टोकांसकट अडीच मीटरच्या किंचित वर. अर्धा मीटर जास्त. हे दुकानात परत जाण्याआधी कळलं तर बरं, टेबलवर पेपर पॅटर्न ठेवल्यावर कळून उपयोग नाही.

एक गैरसमज इथेच काढून टाकते. टेस्टचा आकडा आला म्हणून पॅटर्नच ६ टक्क्यांनी मोठा करायचा आणि कापड न धुता कापायचं, असं काही जण करतात. रेडिमेडच्या कारखान्यात तसं करतात, तिथे त्यांच्याकडे ताग्यांचे आकडे असतात आणि शिवून झाल्यावर कपडे धुण्याची सोय असते. घरी नको. गळ्याची पट्टी, बक्रम लावलेली प्लॅकेट, उरेब कापलेला भाग, दुहेरी शिलाई, हे सगळे वेगवेगळे आटतात आणि शिलाईच्या रेषेत चुण्या पडतात. कापड पूर्ण आटवून मग मूळ मापाने बेता.

पूर्ण कापड

दोन-अडीच मीटर घरी आणलं की दोन्ही कापलेल्या टोकांना झिगझॅग. घडी घालून, बॉल करून मशीनमध्ये कोंबू नका, एका एका पदराने सैल सोडत टाका, आणि मशीन निम्म्याच्या वर भरू नका. लिननला पाण्यात जागा मिळाली नाही तर घडीच्या जागी पांढुरक्या रेघा पडतात आणि गडद रंगावर त्या इस्त्रीने पण जात नाहीत. स्पिन कमी ठेवा. फॅब्रिक कंडिशनर घालू नका, ब्लीच तर नकोच.

खळ भरपूर असलेलं कापड, मंगळगिरी वगैरे, मशीनच्या आधी कोमट पाण्यात दोन-तीन तास ठेवा आणि ते पाणी फेकून द्या, हाताला बुळबुळीत लागतं ते, तीच खळ. खळ गेल्यावर कापड एकदम पातळ, लुळं आणि जरा पारदर्शक वाटेल, घाबरू नका, हेच तुमचं खरं कापड आहे. आणि हे कापायच्या आधी कळलेलं बरं, कारण खळीतलं कडक कापड बघून अस्तर नको असं ठरवलं असेल तर आता बेत बदलता येतो.

टेस्टने सांगितलं तेवढी धुणी, आपल्या लिननला दोन. मधे पूर्ण वाळवा, ओलं ओलं दोनदा धुतलं की ते एकच धुणं होतं. वाळवताना दोरीवर पन्ह्याच्या बाजूने, आडवं टाका, लांबी खाली लोंबू देऊ नका, आणि चिमटे काठालाच लावा.

किंचित दमट असताना काढून इस्त्री केली की मग धागा बघायचा. टोकापासून एक आडवा धागा सुईने उचलून हळूहळू ओढा, तो तुटला तर परत तिथूनच पकडा, ओढलेल्या धाग्याची रिकामी रेघ दिसते, त्या रेघेवर कापा. दोन्ही टोकं अशी सरळ केली की काठाला काठ लावून दुमडा. टोकं एकावर एक बसली आणि घडीच्या जागी कापड पिळलं नाही तर झालं. तिरकं जात असेल तर कापड परत हलकं ओलं करून दोघांनी दोन समोरासमोरचे कोपरे धरून ज्या बाजूने कमी पडतं तिकडे ओढायचं आणि सपाट वाळवायचं. दुकानातून आणलेल्या कापडात हा तिरकेपणा दिसतच नाही, तो दडपून ठेवलेला असतो. न धुता कापलेल्या कुर्त्याची बाजूची शिलाई दोन धुण्यांनंतर पोटावर फिरून येते, तिचं कारण बहुतेकदा हेच.

काठ जास्त ओढला जाऊन बाजू लाटा मारत असेल तर काठ कापून टाका, किंवा दर दोन-तीन इंचांवर त्याला छोटा कट द्या.

अस्तर, बक्रम आणि बाकीचं

अस्तराची टेस्ट वेगळी. आपलं कॅम्ब्रिक एका धुण्यात ४० चं ३८.८ झालं, ३ टक्के, आणि दुसऱ्यात हललं नाही. समजा दोन्ही न धुता शिवले असते, तर लिनन ४२ चं साडेएकोणचाळीस आणि कॅम्ब्रिक ४२ चं ४०.७, म्हणजे अस्तर सव्वा इंच खालून डोकावलं असतं. ते अस्तर खाली मोकळं असेल तर. खाली एकत्र दुमडलेलं असेल तर लिनन आखूड आणि आतलं अस्तर लांब, मग दुमडीच्या वर आत फुगवटा धरतो, आणि तो काहीही इस्त्री केली तरी जात नाही.

इस्त्रीने चिकटणारं बक्रम मशीनमध्ये टाकू नका, त्याचा गोंद खराब होतो. गरमसर पाण्यात सपाट बुडवून पाणी थंड होईपर्यंत ठेवा, न पिळता टॉवेलवर वाळवा. सुती लेस, नाडी, पायपिंगची दोरी हे एका मगमध्ये गरम पाणी घालून भिजवलं की पुरे, सुती लेस चांगलीच आटते आणि धुतलेल्या कुर्त्याच्या गळ्याला गोळा करते. शिवायला पॉलिएस्टर दोरा घेतलात तर त्याची काळजी नाही.

शिवून झालेल्या कपड्यात पहिल्या धुण्यानंतर काही बिघडलं तर कुठे बिघडलं यावरून कारण कळतं. सगळ्या शिलायांवर बारीक चुण्या असतील तर दोरा आटलाय किंवा मशीनचं टेन्शन घट्ट होतं. फक्त गळा आणि प्लॅकेटवर बुडबुडे असतील तर बक्रम. उंची कमी पण घेर तसाच, तर कापड उभं पूर्ण आटलं नव्हतं, एक धुणं कमी पडलं.

आणि एखादं कापड आधीच कापून ठेवलंय, न धुता, असं असेल तर कापलेले तुकडे धुवायला टाकू नका, गळा आणि बगलेच्या गोलाईला उरेब कडा असतात, त्या पाण्यात वेड्यावाकड्या होतात. त्यापेक्षा इस्त्रीची वाफ एकेका तुकड्यावर वरून, न दाबता, भरपूर सोडा, थंड होऊ द्या आणि पॅटर्नवर ठेवून बघा किती आत आलं. वाफेने सगळं आटत नाही, म्हणून खालची दुमड दोन इंचांऐवजी जितकी मिळेल तितकी मोठी ठेवा आणि ती पहिली दोन-तीन धुणी होईपर्यंत नुसत्या धावदोऱ्याने घाला, बाहीची पण तशीच, मग उंची ठरली की मशीनची टीप मारा.